वेटर ऑर्डर घ्यायला येण्याआधी: पथ्य, वेगळं बिल आणि टिप

टेबलावर बसल्यापासून वेटर ऑर्डर घ्यायला येईपर्यंत साधारण पाच मिनिटं मिळतात. बहुतेक जण ती मेन्यू कार्ड पुढे-मागे उलटण्यात घालवतात. ज्याला एखादा पदार्थ चालत नाही, किंवा ज्याला चौघांत बसून स्वतःपुरतंच बिल द्यायचं आहे, त्याचं महत्त्वाचं काम मात्र याच पाच मिनिटांत उरकायला हवं. कारण ऑर्डर दिली की वेटर ती यंत्रात टाकतो आणि किचनमध्ये तिची चिठ्ठी निघते. हॉटेलवाले तिला केओटी म्हणतात. आचारी तुम्हाला ओळखत नाही, तुमचं बोलणं त्याने ऐकलेलं नसतं; त्याच्यासाठी त्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तेवढंच खरं. पुढे बिलही त्याच नोंदीतून तयार होतं. म्हणजे पथ्य असो की वेगळं बिल, दोन्ही गोष्टी एकाच कागदावर जायच्या असतात, आणि तो कागद एकदाच निघतो.

मी हे शिकलो ते धाकट्या बहिणीमुळे. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तीही साधी नाही. परक्या शहरात आम्ही चौघं जेवायला गेलो होतो: ती, मी, तिच्या ऑफिसमधली एक मैत्रीण जी मांस-मासे-अंडं काहीच खात नाही, आणि माझा एक मित्र ज्याला सगळं चालतं. त्याच संध्याकाळचा आधार घेऊन सांगतो, कारण त्या एका जेवणात करायच्या आणि न करायच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी होऊन गेल्या.

जाण्याआधीचा फोन

ॲलर्जी असेल तर आधी फोन करा, आणि तो गर्दीच्या वेळी करू नका. रात्री साडेआठला फोन उचलणाऱ्याला तुमचं बोलणं लवकर संपवायचं असतं, त्यामुळे तो "हो हो, या तुम्ही" म्हणून मोकळा होतो. दुपारचं जेवण आटोपल्यावर आणि रात्रीची गडबड सुरू होण्याआधी केलेला फोन शांतपणे ऐकला जातो. विचारायचं एवढंच: "आमच्यातल्या एकीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. तुमच्याकडे तिला खाता येईल असं काही आहे का, आणि आल्यावर कोणाशी बोलायचं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं असतं. समोरच्याने एखाद्या व्यक्तीचं नाव किंवा हुद्दा सांगितला तर तिथे या गोष्टीची काही पद्धत ठरलेली आहे असं समजायला हरकत नाही. नुसतं "कोणालाही सांगा" असं उत्तर आलं तर मी दुसरं ठिकाण बघतो.

टेबल शक्यतो लवकरच्या वेळेचं घ्या. किचन नुकतं सुरू झालेलं असतं, तेलात फार काही तळलेलं नसतं, पाट्या-सुऱ्या स्वच्छ असतात आणि वेटरला आत जाऊन विचारून यायला सवड असते. बुफे असेल तर तीव्र ॲलर्जीच्या माणसाने नादी लागू नये. पदार्थ कितीही जपून केलेला असला तरी पाहुणे एका भांड्यातला डाव दुसऱ्यात घालतात, आणि ते थांबवणं आचाऱ्याच्या हातात नसतं.

ॲलर्जी आहे की आवडत नाही, ते खरं सांगा

"मला हे नको" यामागे तीन-चार वेगळी कारणं असू शकतात आणि किचनला प्रत्येकासाठी वेगळं काम करावं लागतं.

आवडत नसेल तर तो घटक न घालणं एवढं पुरतं. पदार्थ तत्त्वाने वर्ज्य असेल, जसं शाकाहारी माणसाला मांस, तर तो न घालणं पुरेसं आहेच, शिवाय रश्शात, सॉसमध्ये तो लपलेला नाही हेही बघावं लागतं. पचत नसेल, उदाहरणार्थ दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, तर त्रास बहुधा खाल्लेल्या प्रमाणानुसार होतो आणि थोडं पोटात गेलं तर संध्याकाळ वाईट जाते, जीव जात नाही. दुधाची ॲलर्जी मात्र निराळी. ती दुधातल्या प्रथिनांशी शरीराचं जे वैर असतं त्यातून येते, आणि तिथे लॅक्टोज काढून टाकलेलं दूधही तितकंच धोक्याचं. दोघंही "मला दूध चालत नाही" असंच म्हणतात, म्हणून ऐकणारा फसतो.

ॲलर्जी आहे म्हटल्यावर चांगल्या किचनमध्ये बरंच काही होतं: हात धुतले जातात, पाटी-सुरी-चिमटा बदलला जातो, वेगळं भांडं घेतलं जातं, ताट वेगळं नेलं जातं. त्यामुळे लवकर ऐकावं म्हणून नावडीला ॲलर्जी म्हणू नका. मी आधी हे करायचो, कबूल करतो. वांगं टाळायला सोपं पडायचं. पण "ॲलर्जी" म्हणून सांगून मग शेजारच्याच्या ताटातला घास उचलणारे पाहुणे वेटर रोज बघतात, आणि पुढच्या खऱ्या ॲलर्जीवाल्याकडे तो संशयाने बघायला लागतो. माझ्या बहिणीला एकदा "थोडंसं चालेल ना?" असं हसत विचारलं गेलं, त्यामागे असलेच पाहुणे असणार.

उलटही करू नका. लाजून "जरा शेंगदाणे टाळलेत तर बरं" असं म्हटलं की चिठ्ठीवर "शेंगदाणे नको" एवढंच जातं. आचारी वरून पेरायचे दाणे वगळतो, पण वाटणात असलेले तसेच राहतात.

प्रश्न असा विचारा की उत्तर "नाही" येऊ शकणार नाही

"यात शेंगदाणे आहेत का?" हा प्रश्न ऐकायला अचूक वाटतो, पण कमकुवत आहे. वेटरच्या डोळ्यांसमोर तयार ताट येतं, त्यावर दाणे दिसत नाहीत, तो "नाही" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला सॉस कशाचा आहे ते माहीत नसतं. मी तीन प्रश्न विचारतो, याच क्रमाने.

पहिला: "हा पदार्थ कशाकशाचा करतात?" यावर त्याला यादी सांगावी लागते, आणि यादी सांगताना अडखळला तर तो आपणहून आत विचारायला जातो. दुसरा: "सॉस, वाटण, सूप इथेच करता की तयार आणता?" तयार आणलेल्याचं पाकीट किंवा बाटली आत असते, तिच्यावरची घटकांची यादी वाचून दाखवता येते किंवा बाहेर आणता येते. तिसरा: "हे कुठे आणि कशात तळता किंवा भाजता?" याला लोक विसरतात आणि नेमकं इथेच घात होतो.

त्या संध्याकाळी बहिणीने मेन्यूतला तळलेल्या भाज्यांचा पदार्थ आधी पक्का केला होता. घटकांच्या यादीत दाण्याचा पत्ता नव्हता. तिसरा प्रश्न विचारल्यावर वेटर आत गेला आणि परत येऊन म्हणाला, "एकाच फ्रायरमध्ये दाण्याचं आवरण असलेला दुसरा एक पदार्थही तळतात." तेलाच्या उष्णतेने सगळं "जळून" जातं असा समज सर्रास आहे. दाण्यातली प्रथिनं तळण्याच्या तापमानाला निकामी होत नाहीत. ती तेलात उतरतात आणि पुढच्या घाण्यावर बसतात. गव्हातल्या ग्लुटेनचंही तसंच, म्हणून सिलिॲकच्या, म्हणजे ग्लुटेन अजिबात न चालणाऱ्या आजाराच्या रुग्णाने "आमचे बटाट्याचे काप ग्लुटेनमुक्त आहेत" यावर फ्रायरची चौकशी केल्याशिवाय विश्वास ठेवू नये. आम्ही तो पदार्थ मागवला, पण तिघांसाठी. बहिणीने तव्यावर वेगळं करता येईल असं काहीतरी घेतलं.

घटकांची नावंही कधी कधी दगा देतात. शेंगदाणा ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे शेंग आहे, वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातली, बदाम-काजू-अक्रोड वेगळे. त्यामुळे "नट्स नाहीत" असं कोणी म्हटलं तर ते शेंगदाण्याबद्दल आहे की काजू-बदामाबद्दल, हे स्पष्ट विचारा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. वुस्टरशर सॉसमध्ये पारंपरिक कृतीप्रमाणे अँकोव्ही हा मासा असतो. पेस्तोमध्ये चीज आणि सुकामेवा असतो. जपानी दाशी, म्हणजे अनेक सूप-रश्शांचा पाया, बहुधा बोनिटो माशाच्या वाळवलेल्या कापांचा असतो, त्यामुळे भाज्यांचं म्हणून आलेलं सूपही शाकाहारी असेलच असं नाही.

बहिणीच्या मैत्रिणीची अडचण हीच होती. बऱ्याच देशांत "व्हेजिटेरियन" म्हटलं की अंडं चालतं असं धरलं जातं, आणि "व्हीगन" म्हटलं की दूध-तूप-मधसुद्धा जातं. तिचं पथ्य या दोन शब्दांच्या मधलं. म्हणून तिने शब्दाचा नाद सोडून यादी सांगितली: "मांस, मासे, अंडं चालत नाही. सूप हाडांच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवलेलं चालत नाही. दूध, लोणी चालतं." जेलॅटिन आणि काही चीजमधलं प्राण्याच्या पोटातून काढलेलं रेनेट टाळायचं असेल तर तेही या यादीत नावाने घालावं लागतं; "शाकाहारी" या एका शब्दात ते कोणी धरेल असं नाही.

बोलण्यापेक्षा चिठ्ठी बरी

भाषा परकी असेल तर एक छोटं कार्ड तयार करा आणि ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून ते त्या भाषेत तपासून घ्या. वेटर ते घेऊन थेट आत जातो, मधल्या माणसाच्या ऐकण्यात काही गळत नाही. आमचं कार्ड साधारण असं आहे:

"मला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. शेंगदाणे, दाण्याचं कूट, दाण्याचं लोणी, घाण्याचं शेंगदाणा तेल किंवा यांपैकी काही असलेला सॉस मी खाऊ शकत नाही. दाणे लागलेली पाटी, सुरी, चिमटा, कढई किंवा तळणीचं तेल वापरू नका. चुकून दाणे पडले तर काढून देऊ नका, नवीन करा. खात्री नसेल तर नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही."

शेवटचं वाक्य आम्ही नंतर घातलं, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला. पाहुण्याला नाही म्हणायला वेटरला संकोच वाटतो. त्याला तशी मोकळीक दिली की तो खरं सांगतो. त्याआधीचं वाक्य घालायचं कारण त्याच संध्याकाळी घडलं. बहिणीचं ताट आलं, वर पेरलेले दाणे दिसले, तिने परत पाठवलं, आणि दोन मिनिटांत ताट परत आलं. दोन मिनिटांत नवीन होत नाही. तेच ताट, दाणे वेचून. ते कसं ओळखायचं? आम्ही पहिल्यांदा ताट परत देताना भाताच्या कडेला चमच्याने एक छोटा खड्डा केला होता. तो तसाच होता. आता आम्ही ताट आत पाठवत नाही. ते टेबलावरच ठेवतो, नवीन आलं की मग जुनं न्यायला सांगतो. वेटरला हे जरा विचित्र वाटतं. वाटू दे.

आणखी दोन बारीक गोष्टी. टेबल फडक्याने पुसलेलं असलं तरी ते फडकं आधी कुठे फिरलंय ते सांगता येत नाही, म्हणून ॲलर्जी असलेल्याने जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझरची जेल जंतू मारते, पण दाण्याची प्रथिनं हातावरच राहतात. आणि गोड पदार्थांबद्दल नव्याने विचारा. ते बऱ्याचदा बाहेरून आलेले असतात, आतल्या आचाऱ्याला त्यांचे घटक तोंडपाठ नसतात, आणि जेवणाच्या शेवटी सगळेच ढिले पडलेले असतात. पाकिटावरचं "अंश असू शकतो" हे वाक्य बहुतेक देशांत कंपन्या स्वेच्छेने छापतात, त्यामुळे ते नसणं म्हणजे हमी नव्हे.

डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं तयार इंजेक्शन दिलं असेल तर ते गाडीत किंवा कोटात नको, टेबलावरच्या पिशवीत हवं, आणि बरोबरच्या एकाला तरी ते कसं द्यायचं माहीत हवं. घसा आवळणं, धाप, अंगभर गांधी, चक्कर असं काही दिसलं तर आधी इंजेक्शन, लगेच रुग्णवाहिका, मग बाकीचं.

कायदा तुमच्या बाजूने कुठपर्यंत असतो

युरोपियन युनियनमध्ये 13 डिसेंबर 2014 पासून लागू झालेल्या नियमांनुसार हॉटेलात वाढलेल्या जेवणाबद्दलही 14 ठरावीक घटकांची माहिती द्यावीच लागते. त्यात शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, सोया, तीळ आणि ग्लुटेन असलेली धान्यं आहेतच, शिवाय मोहरी आणि सेलरीसुद्धा आहे. तिथे "तुमची ॲलर्जीची यादी दाखवा" म्हटलं की बरेचदा एक फाइल किंवा तक्ता समोर येतो. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याप्रमाणे 9 घटक नावाने छापावे लागतात, तीळ त्यात 1 जानेवारी 2023 पासून आला; पण तो कायदा पाकीटबंद मालासाठी आहे, हॉटेलच्या ताटासाठी नाही. म्हणून "मेन्यूवर लिहिलेलं नव्हतं" या भरवशावर तिथे बसू नका. आणि युरोपातल्या त्या तक्त्यातही घटक असतात. एकाच फ्रायरची गोष्ट त्यात असेलच असं नाही. तिसरा प्रश्न तिथेही विचारायचाच.

टीटीएमएम करायचं असेल तर बसतानाच सांगा

आता बिल. वेटर टेबलावरच्या खुर्च्यांना मनातल्या मनात क्रमांक देतात, आणि बऱ्याच यंत्रांत प्रत्येक पदार्थ खुर्चीच्या क्रमांकासमोर टाकता येतो. ऑर्डर घेण्याआधी "आमची बिलं वेगवेगळी करा, प्रत्येकाचं स्वतंत्र" एवढं सांगितलं की तो तसं टाकत जातो आणि शेवटी चार बिलं एका बटणावर निघतात. याच क्रमांकामुळे ॲलर्जीची नोंदही बरोबर माणसासमोर जाते, म्हणून दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात. जेवण संपल्यावर सांगितलं तर त्याला पंधरा-वीस ओळी हाताने फोडाव्या लागतात, तोही ऐन गर्दीत. काही ठिकाणी तर एका टेबलाला एकच बिल असा नियमच असतो, विशेषतः मोठा घोळका असला की. तेही सुरुवातीलाच कळलेलं बरं. जर्मनीत मात्र पैसे द्यायच्या वेळी वेटर आपणहून विचारतो, एकत्र की वेगळं, आणि खांद्याला लटकवलेल्या पाकिटातून जागेवरच ज्याचे त्याचे हिशेब करतो. तिथे आधी सांगायची गरज पडत नाही.

आम्ही अर्थातच आधी सांगायला विसरलो होतो. एकच बिल आलं. आकडे सोपे करून देतो, चलन कोणतंही धरा. तळलेला पदार्थ 12, माझं जेवण 18, बहिणीचं 14, मैत्रिणीचं 10, मित्राचं जेवण आणि दोन पेयं मिळून 26. बेरीज 80. त्यावर कर 8, सर्व्हिस चार्ज 8, एकूण 96.

मित्र म्हणाला, "सरळ चार भाग करू, 24-24." बोलणारा नेहमी तोच असतो ज्याने दोन पेयं घेतलेली असतात. बरोबर वाटणी अशी करायची: एकूण बिलाला पदार्थांच्या बेरजेने भागा. 96 भागिले 80 म्हणजे 1.2. आता प्रत्येकाने स्वतःच्या पदार्थांची बेरीज करायची आणि तिला 1.2 ने गुणायचं. कर आणि सर्व्हिस चार्ज आपोआप ज्याच्या त्याच्या प्रमाणात येतो. तळलेला पदार्थ तिघांनीच खाल्ला, म्हणून त्याचे 4-4 तिघांवर. माझे 22 चे झाले 26.40. बहिणीचे 14 चे 16.80. मैत्रिणीचे 10 अधिक 4, तेही 16.80. मित्राचे 30 चे 36. बेरीज बरोबर 96. समान वाटणीत बहिणीने 7.20 जास्त दिले असते, त्यातले निम्मे तर ज्या पदार्थाला ती हातही लावू शकत नव्हती त्याच्यासाठी.

कर सगळ्या पदार्थांवर एकाच दराने नसेल, समजा मद्यावर जास्त असेल, तर हा गुणक थोडा चुकतो. तेव्हा मद्याची बेरीज, तिच्यावरचा कर आणि तिच्या वाट्याचा सर्व्हिस चार्ज आधी बाजूला काढा, ते पिणाऱ्यांनी द्यावेत, आणि उरलेल्या बिलावरून गुणक नव्याने काढून बाकीच्या पदार्थांना लावा. आणि ज्यांच्या जेवणात उन्नीस-बीसचाच फरक आहे त्यांनी समान वाटणी करून मोकळं व्हावं. तीन नाण्यांसाठी मैत्रीत वांधे नकोत.

वेगळं बिल मिळत नसेल तर तडजोड अशी: एकाने सगळं भरावं, बाकीच्यांनी त्याला उठण्याआधीच फोनवरून पैसे पाठवावेत. "घरी गेल्यावर पाठवतो" म्हणणारे पाठवतातही, पण आठवण आपल्यालाच करावी लागते आणि ते बोलायला अवघड जातं. किंवा वेटरला सांगा, "या कार्डावर 36 घ्या, याच्यावर 26.40." काय काय खाल्लं ते फोडण्यापेक्षा रक्कम फोडणं त्याला पुष्कळ सोपं पडतं.

टिप: आधी बिल वाचा

टिपबद्दल पहिला प्रश्न "किती द्यायची" हा नाही. ती आधीच घेतली आहे का, हा आहे. बिलावर खालच्या चार-पाच ओळी वाचा. कर म्हणजे टिप नव्हे, तो सरकारकडे जातो. इटलीत "कोपेर्तो" नावाची माणशी रक्कम दिसते. ती टेबल मांडल्याची, टिपची नव्हे. सर्व्हिस चार्ज मात्र टिपच्या जागीच असतो. तो लागलेला असूनही कार्डाच्या यंत्रावर पुन्हा 15, 18, 20 टक्के असे पर्याय समोर येतात आणि नवखा माणूस घाईत मधलं बटण दाबून दुप्पट टिप देऊन बसतो. आमच्या बिलात 8 आधीच होते, म्हणून आम्ही वेगळी टिप ठेवली नाही.

ती लागलेली नसेल तर देशानुसार रीत बदलते. अमेरिकेत टेबलावर वाढणाऱ्याला 15 ते 20 टक्के देणं जवळजवळ बंधनकारक मानलं जातं, आणि त्याचं कारण पगारात आहे: टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची किमान रक्कम संघराज्याच्या कायद्याने 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर थांबलेली आहे, बाकीचं टिपमधून भरून निघेल असं गृहीत धरून. काही राज्यांत नियम जास्त उदार आहेत, पण पाहुण्याची रीत सगळीकडे तीच. टक्के कर धरण्याआधीच्या रकमेवर काढतात. यंत्र मात्र कधी कधी करासकट रकमेवर काढतं. ब्रिटनमध्ये बिलात 12.5 टक्के ऐच्छिक सर्व्हिस चार्ज लावलेला बरेचदा दिसतो. सेवा वाईट असेल तर तो काढायला सांगता येतो, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून असा सगळा पैसा कामगारांनाच मिळाला पाहिजे असा कायदा आहे. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे मेन्यूतल्या किमतीतच धरलेले असतात, वर थोडी नाणी ठेवली तर ती खुशीने. जर्मनीत पाच-दहा टक्के धरून रक्कम वर गोल करतात, पण टेबलावर नाणी सोडून जात नाहीत. पैसे देतानाच "इतके घ्या" असा एकूण आकडा सांगतात. 27.60 चं बिल असेल तर नोट पुढे करत "तीस". जपानमध्ये टिप देतच नाहीत, आणि टेबलावर पैसे विसरलात असं समजून कोणीतरी मागे धावत येऊ शकतं.

ॲलर्जीसाठी आत-बाहेर खेपा घालणाऱ्या वेटरला जास्त द्यावंसं वाटलं तर ते रोख आणि त्याच्या हातात द्या, जिथे टिपची रीत आहे तिथे. जिथे नाही, तिथे मॅनेजरला बोलावून त्याच्याबद्दल चांगलं सांगा.

कार्डाने देताना दोन सापळे आहेत. परदेशी कार्ड ओळखून यंत्र विचारतं, "तुमच्या चलनात की इथल्या?" इथलं निवडा, तुमच्या चलनाचा दर ते यंत्र चढा लावतं. दुसरं अमेरिकेतलं: वेटर कार्ड घेऊन जातो, आधी टिपशिवायची रक्कम मंजूर करून आणतो, मग तुम्ही पावतीवर टिप लिहून, बेरीज करून सही करता, आणि दुकान बंद होताना ती अंतिम रक्कम टाकली जाते. टिपची ओळ रिकामी सोडू नका; द्यायची नसेल तर शून्य लिहा आणि एकूण आकडा स्वतः भरा. तुमची प्रत जपून ठेवा. खात्यात आधी छोटा आकडा दिसतो आणि दोन-तीन दिवसांत तो वाढतो. वाढलेला आकडा पावतीवर तुम्ही लिहिलेल्या बेरजेशी जुळला तर ठीक, नाहीतर ती पावती घेऊन आधी हॉटेलला फोन करा आणि तिथे दाद लागली नाही तर बँकेला.